दोराला हात लावणाऱ्याचा वाटा

गुणवंती नाखवा गप्प बसली आहे, असं दृश्य लोअर परळच्या त्या काचेच्या ऑफिसात कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्या दुपारी डबा उघडून, एक घास तोंडात घेऊन ती फोनकडे बघत नुसतीच बसून राहिली, तेव्हा समोरच्या जगदीशला वाटलं हिच्या घशात काटा अडकला.

"सुका भात गिळ," तो म्हणाला. "कोळीण असून काटा लागला? शोभतं का तुला?"

तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. कोचीनच्या कोणा अनोळखी माणसाने इंग्रजीत प्रश्न विचारला होता. त्याचा मतलब एवढाच, की तुमच्या ॲपची नवी आवृत्ती वापरणाऱ्याच्या सगळ्या खुणा त्याला न विचारता बाहेर पाठवते. हे मुद्दाम ठेवलं आहे की चूक आहे? खाली फाइलचं नाव, नेमकी ओळ आणि एका नकाशाचा पत्ता.

जगदीशने पत्ता उघडला. निळ्या समुद्रावर लाल ठिपके उमटले. अर्नाळ्यापासून उरणपर्यंत, अंगावर गोवर उठावा तसे. गुणवंतीने दोन बोटांनी नकाशा मोठा केला, वरळीच्या किल्ल्यापासून पश्चिमेला सरकत गेली आणि एका ठिपक्यावर थांबली. खाली मराठीत नाव होतं, कोयता.

"कसलं हे?" जगदीशने विचारलं.

"माझ्या काकाची जागा," ती म्हणाली. तोंडातला घास तिने रुमालात काढला. "माझ्या बापाला सांगितली नव्हती रे त्याने."

कोळ्याची खूण म्हणजे काय, हे दादरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून कळत नाही, म्हणून सांगून टाकलेलं बरं. समुद्राला गल्ल्या नसतात. पाण्याखाली कुठे खडप, म्हणजे बुडालेला खडक, आहे, कुठे घोळ आणि रावस येऊन राहतात, हे वरून दिसत नाही. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन दुसऱ्या रेषेत, आणि दोन्ही रेषा जुळल्या की तिथे जाळं टाकायचं. हरेश्वरकाकाची रीत अशी, की गिरणीची चिमणी किल्ल्याच्या बुरुजाच्या डोक्यावर उभी राहिली आणि दर्ग्याचा मिनार टेकडीच्या खाचेत बसला, की बोटीखाली कोयता. कोयत्यासारखा वाकलेला खडक. काकाच्या आज्याला सापडलेला. बँकेत ठेव नसली तरी चालेल, पण अशी जागा कोळी जपतो, आणि ती बोलून दाखवत नाही.

गुणवंतीचा बाप दत्तू हा हरेश्वरचा धाकटा भाऊ. एका बोटीवर दोन संसार चालेनात म्हणून तो गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, लागला. बेचाळीस नंबरच्या खात्यात पक्की नोकरी, दिवाळीला बोनस, समुद्राचा वास अंगाला नाही. बायको काशीबाई लालबागच्या बाजारात मासळी विकायची तीसुद्धा हौसेने. मग संप झाला. गुणवंती त्याच वर्षाची. संप मिटला नाही, विरला. गिरणीने दत्तूला परत घेतलं नाही, आणि तो हात हलवत पुन्हा वाळूवर आला. भावाने त्याला बोटीवर घेतलं, वाटा दिला, जेवू घातलं. फक्त कोयत्यावर जायचा दिवस असला की म्हणायचा, "दत्तू, आज तू ऱ्हा घरला, जाळी शिव."

दत्तू जाळी शिवायचा. मरेपर्यंत त्याला कोयता कळला नाही. भाऊ तो भाऊ, जागा ती जागा. ह्यात वाईट वाटून घ्यायची कोळीवाड्यात पद्धत नाही. वाईट वाटायचं ते वाटतंच.

पुढे गिरण्या पडल्या. चिमण्या पडल्या. त्यांच्या जागी जे टॉवर आले ते सगळे सारखेच, समुद्रातून बघितलं तर दाढेला दाढ लावून उभे. त्यांच्यामागे टेकडीची खाच दिसेनाशी झाली. एका संध्याकाळी हरेश्वरकाका स्वतः गुणवंतीच्या दाराशी आला. तोवर तिचं शिक्षण होऊन, नोकरी लागून पुष्कळ वर्षं झाली होती. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम तपासायची नोकरी, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायची, आणि ती तिला उत्तम जमायची. लग्न तिने केलं नव्हतं आणि कोणी विचारलं तर ती "तुम्हाला करायचंय का?" असं विचारायची.

"गुनवंती," काका म्हणाला, "चिमनी पाडली त्यांनी. माझ्या मागं धर्माला काय दाखवू? हवा?"

धर्मा म्हणजे काकाचा नातू, बोट आता तोच हाकायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे गुणवंती त्या दोघांबरोबर बोटीत बसली. काका पाण्याच्या रंगावरून, लाटेच्या वळणावरून, बोटीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, धरून कसाबसा जागेवर गेला. "हितं," म्हणाला. तिने फोनमध्ये जागा टिपली. किनाऱ्याला पाय लागल्यावर काका फक्त म्हणाला, "तुझ्यापाशी हाय आता."

त्यातून तिचं ॲप झालं. नाव 'खूण'. जागा टिपा, नाव द्या, परत तिथे जा, भरती-ओहोटीचा अंदाज, समुद्रात नेट नसलं तरी चालतं, आणि सगळ्या खुणा ज्याच्या त्याच्या फोनात, बाहेर कुठे नाही. आधी वरळीत, मग शीव कोळीवाड्यातल्या पाहुण्यांकडे, मग उरण, अलिबाग, फोनवरून फोनवर ते पसरलं. आणि पसरल्यावर शंका आल्या. उरणचा एक तांडेल, बोटीचा प्रमुख, तोंडावर म्हणाला, "बाई, फुकट कोण देतं? आमच्या खुणा तुझ्या ऑफिसात जात असतील."

ती भडकली. तिला शांत केलं ते जगदीशने. "शपथा कशाला घेतेस? ॲप ज्याच्यापासून बनतं तो कोडच सगळ्यांसमोर टाक. ज्याला शंका आहे त्याने वाचावं. त्याला नाही कळलं तर ज्याला कळतं त्याला वाचायला सांगावं."

दोघांनी मिळून लायसन्स निवडलं. कोणीही वापरा, बदला, वाटा. पण बदललेलं ॲप दुसऱ्याला दिलंत तर बदललेला कोडही द्यायचा, ह्याच अटींवर. गुणवंतीला ते फार पटलं. घेऊन पळायचं नाही, घेतलं तसं द्यायचं. पहिल्याच पानावर तिने मराठीत लिहिलं, 'हे सगळ्यांचं आहे.' पाटी लावताना माणूस दोन शब्द मोठ्याने लिहितो, तसंच ते.

लोक आले. बाहेरचे लोक येतात तेव्हा काय काय घेऊन येतात, हे घरी लग्नकार्य काढलेल्या कोणालाही सांगायला नको. कोणी सूचना देऊन गेले, कोणी रंग आवडला नाही म्हणाले, कोणी 'अमुक कधी करणार?' असं पगार देत असल्यासारखं विचारलं. काहींनी खरोखर कोड बदलून पाठवला. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात, म्हणजे 'हा माझा बदल, बघा आणि तुमच्यात घ्या' अशी विनंती. त्यातले निम्मे चालत नसत. गुणवंती सकाळी ऑफिसआधी एकेक वाचायची आणि ऑफिसात तोंडावर सांगायची तसंच तिथेही सांगायची. एकाला तिने लिहिलं, 'हे तू स्वतः चालवून बघितलंस का? खरं सांग.' तो पुन्हा आला नाही.

शिवा आला आणि राहिला. मालवणकडच्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवणारा, तिच्याहून लहान. ॲप सारखं जागा विचारत राहतं आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते, ही तक्रार सगळ्यांचीच होती. तिला महिनाभर न सुटलेलं ते त्याने साफ सोडवलं. मग त्याने सगळं ॲप मालवणीत आणलं. ते वाचून ती एकटीच खिदळली, कारण 'बॅटरी संपत आली' हे त्याने 'आता घराक चला' असं केलं होतं. दोन वर्षं तो काम करत होता, एक पै न मागता.

कोळीवाड्यात बोट वाळूवर ओढतात तेव्हा कोणी दोराला हात लावला, मग तो वाटसरू का असेना, त्याच्या हातात मासळी पडते. विचारायचं नसतं, मोजायचं नसतं. हात लावला त्याचा वाटा. गुणवंतीने शिवाला वाटा दिला. मासळी देता येत नव्हती, म्हणून तिने त्याला आतला हक्क दिला. आता त्याला विनंती करायची गरज नाही, आपला बदल तो स्वतः मुख्य कोडमध्ये घेऊ शकेल, नवी आवृत्तीही काढू शकेल.

"अगं, दे, पण कुलूप लाव," जगदीश म्हणाला. "दुसऱ्या कोणी वाचून हो म्हटल्याशिवाय आत काही जायचं नाही, अशी सोय असते. एक खूण करायची, बस."

"घरच्या माणसाला कुलूप?"

"घरच्यालाच. चोर कुठे विचारायला येतो?"

"जा रे. तुझ्या सोसायटीत वॉचमन आहे म्हणून सगळीकडे वॉचमन."

तिने कुलूप लावलं नाही.

आणि आता हा नकाशा.

जगदीश कोडमधली ओळ शोधत होता. गुणवंती जागची हलली नव्हती. "इथे," तो म्हणाला. "सामायिक नकाशा नावाची नवी सोय आहे. तिला एक खटका आहे, चालू-बंद. तो सुरुवातीलाच चालू ठेवलाय. सेटिंगमध्ये तळाशी."

"पण ॲपला नेट कुठे आहे?"

"आहे की. नवी आवृत्ती आली का, हे विचारायला तूच दिलंयस. त्याच दारातून गेलं. फोन कशाला विचारतोय वापरणाऱ्याला?"

"कोणी घातलं?"

जगदीशने नाव दाखवलं. शिवा. स्वतःच घातलं, स्वतःच आत घेतलं, स्वतःच आवृत्ती काढली. शेकडो फोनांनी 'नवी आवृत्ती आली' हे वाचून आनंदाने घेतली. त्याला दोन आठवडे होऊन गेले होते. दोन आठवड्यांपूर्वी ती परळच्या हॉस्पिटलात काशीबाईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बसली होती. तिने फोनमधले जुने निरोप वर सरकवले. शिवाचा होता. 'ताई, नकाशो घातलंय, बघून घेवा.' खाली तिचं उत्तर होतं. अंगठा.

एवढाच. वर केलेला पिवळा अंगठा. कधी पाठवला ते तिला आठवत नव्हतं.

तिने शिवाला फोन लावला. तो वर्गातून बाहेर आला असावा, मागे पोरांचा गलका होता.

"ताई! आई कशी आसा?"

"आई बरी आहे. शिवा, कोयता नकाशावर का आहे?"

"कोयतो? कसलो कोयतो?"

"लोकांच्या खुणा. तू लोकांच्या खुणा जगाला दाखवल्यास."

"हां, नकाशो! ताई, तुमका आवडलो ना? बघा, समुद्रात भराव घालूचो म्हटल्यार सरकार काय सांगता? हय कोण मासे धरणत नाय. आमच्याकडे पुरावो काय? कायच नाय. आता आसा. हे बघा म्हणून दाखवूचा..."

"विचारलंस कोणाला?"

"नावां नाय दाखवलंय कोणाची. नुसते जागे."

"जागाच तर दाखवायची नसते!" ती इतकी ओरडली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली. "नाव दाखव, फोटो दाखव, आधार कार्ड दाखव, चालेल! जागा दाखवलीस तू!"

तो हळूच म्हणाला, "ताई, ॲप मुक्त असा ना? पहिल्याच पानार लिवलाहा तुमी. हे सगळ्यांचं आहे. माका वाटला, सगळाच."

तिच्याजवळ उत्तर होतं: कोड माझा होता, तो मी दिला. खुणा माझ्या नव्हत्या, त्या मला देता येत नव्हत्या, आणि लायसन्स कोडचं असतं, माणसांच्या गुपितांचं नसतं. पण ती एवढंच म्हणाली, "बंद कर. आत्ता."

"आत्ता करतंय. ताई, माका खरोखर..."

तिने फोन ठेवला.

त्याने केलं. नकाशाचं पान तासाभरात नाहीसं झालं; खुणा जमा होत होत्या ती जागाही त्याने पुसली. गुणवंतीने त्याचा आतला हक्क काढला, त्याचा बदल उलटा फिरवला, नवी आवृत्ती काढली आणि सगळ्या गटांवर निरोप टाकला, की ही ताबडतोब घ्या, आधीच्या आवृत्तीने तुमच्या खुणा बाहेर गेल्या, चूक माझी आहे. 'तांत्रिक कारणामुळे' असं जगदीशने सुचवलं होतं. तिने ते खोडलं.

हे सगळं ती करू शकत होती. ज्याने पान आधीच उतरवून ठेवलं त्याच्या फोनातून ते काढणं तिला शक्य नव्हतं. संध्याकाळी घरी जायला निघाली तेव्हा तिच्याच ओळखीच्या एका गटावर तो नकाशा आला. 'मुंबईच्या मासळीच्या जागा, पुढे पाठवा.'

वरळीला पोचली तर काकाच्या ओट्यावर माणसं होती. मच्छीमार सोसायटीचे अण्णा खुर्चीवर, धर्मा उभा, काका भिंतीला टेकून. जाळी भिंतीशी तशीच पडली होती, धुतलेली नाही.

"आलीस?" अण्णा म्हणाले. "बस. धर्मा सांग तिला."

"कोयत्यावर चार बोटी होत्या आत्या," धर्मा म्हणाला. "मोठ्या. इकडच्या नाय. अशा उभ्या की बापाची जागा. मी म्हटलं, इथं कसे? तर एकाने फोन दाखवला मला. हसत होता साला."

तिने वाटेत ठरवलेली वाक्यं होती; ती सगळी गळून पडली. तिने सरळ सांगितलं, काय झालं, कोणी केलं, तिने अंगठा कसा दाखवला. काशीबाई आतून काठी टेकत आली आणि दारात उभी राहिली.

"म्हंजे तुझ्याच ॲपातनं गेलं," अण्णा म्हणाले.

"हो."

"मग बंद करून टाक ना ते. आजच्या आज."

"माझ्याकडचं बंद करीन अण्णा. पण कोड दिलाय लोकांना. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहणार. त्या शिवाने उद्या म्हटलं, मी वेगळं नाव देऊन माझं ॲप चालवतो, तर तो चालवू शकतो. अटी पाळल्या की झालं. मीच तशी परवानगी दिलीय."

"तर परवानगी काढून घे."

"दिलेली काढता येत नाही. पुढचं नवं काम मी देणार नाही म्हणू शकते, तेसुद्धा एकटी नाही. त्यात शिवाचं काम आहे, आणखी पाच-सहा जणांचं आहे. ज्याने जे लिहिलं ते त्याचं."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "शिकून तू हे केलंस? दिलेलं परत घेता येत नाय असं काहीतरी सही करून बसलीस?"

"आपण कोळणी विकतो मासळी, तीपण परत घेत नाय," काशीबाई दारातून म्हणाली.

"तू गप गो काशी."

धर्माला काहीतरी सुचलं होतं, त्याचे डोळे चमकत होते. "आत्या, एक आयडिया. नकाशा फिरतोय ना? फिरू दे. आपण दुसरे दहा नकाशे सोडू. खोट्या जागा टाकू त्यात. जिथं जुन्या बोटी बुडाल्यात, जिथं खडप फाडतं, तिथं लिहू, घोळ लई हाय. जाऊ देत साल्यांना!"

अण्णा खरंच विचारात पडले. गुणवंतीला धक्का बसला तो हा, की क्षणभर तिलाही ते आवडलं. उद्या सकाळी करून होईल, असा हिशोबही मनात सुरू झाला.

"जाली कोनाची फाटतील?" काका पहिल्यांदा बोलला. आवाज इतका बारीक, की धर्मा वाकला. "त्या मोठ्या बोटीचीच? मांडव्याचा कोन गरीब गेला तर? कोल्याचंच फाटनार ना." मग त्याने गुणवंतीकडे बघितलं. "त्या पोराने काय म्हनून केला?"

तिने सांगितलं. भराव, सरकार, पुरावा.

"मग त्यात काय खोटं हाय?" अण्णा चिडूनच म्हणाले. "नकाशा पाहिजेच आपल्याला. मी स्वतः तीन कचेऱ्या हिंडलो. विचारतात, कुठे मासेमारी करता ते दाखवा. काय दाखवू, बोट?"

"पायजे तर मागायचा," काका म्हणाला. "मना इचारलं असतं तर मी नाय बोललो असतो? कदाचित बोललो असतो नाय. पन इचारायचा ना." तो भिंतीचा आधार घेऊन उठला. धर्मा हात द्यायला गेला तर त्याने झटकला. "दत्तूने मागितला होता माझ्यापाशी कोयता. एकदाच. संपानंतर, हितंच बसून. त्याला नाय दिला मी. सख्खा भाव माझा. त्याला नाय दिला, आनि तुला दिला."

तो आत गेला.

गुणवंतीला हे माहीत नव्हतं. तिचा बाप कधी काही मागत नाही, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. तिने आईकडे बघितलं. काशीबाई दुसरीकडे बघत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर काका गुणवंतीशी बोलेनासा झाला. भांडण नाही. समोर आली तर मान हलवायचा, मासळी पाठवायचा, बोलायचा नाही. धर्माने त्याच्या सांगण्यावरून फोनमधलं ॲप काढून टाकलं. काढताना आतल्या खुणाही पुसल्या जातात, हे तिने आधीच बजावलं होतं. आजोबा म्हणाला, जाऊ देत.

उरणच्या तांडेलाने गटावर लिहिलं, 'मी बोललो होतो.' बरेच लोक ॲप सोडून गेले. काही राहिले, कारण अंधारात किनारा गाठायला दुसरं काही नव्हतं. गुणवंतीने कुलूप लावलं. आता कोणाचाही बदल, तिचा स्वतःचासुद्धा, दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचून हो म्हटल्याशिवाय आत जात नव्हता. दुसरा माणूस म्हणून तिने त्या कोचीनवाल्याला विचारलं, ज्याने तो पहिला प्रश्न टाकला होता. तो तयार झाला. तिच्याहून खडूस निघाला. तिच्या पहिल्याच बदलात त्याने चार चुका काढल्या. ऑफिसात ती जगदीशला म्हणाली, "मेला आगाऊ आहे." आणि चारही दुरुस्त केल्या. पहिल्या पानावरचं वाक्य तिने बदललं, 'कोड सगळ्यांचा आहे. खूण ज्याची त्याची.'

पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा पाण्यात गेल्या, तेव्हा शिवाची पुल रिक्वेस्ट आली. बाहेरच्या माणसाची येते तशी, दाराबाहेरून. त्याने लिहिलं होतं:

'ताई, नकाशो परत केलंय. आता सुरुवातीक बंदच आसता. एकेक खूण वेगळी विचारता. हो म्हटल्यार पण नेमको जागो जाणा नाय, आजूबाजूचो मोठो चौकोन जाता. नको आसात तर नको म्हणा, मी माझ्याकडे वेगळा करीन, लायसन्स तसा देता. पण आधी तुमका विचारतंय.'

ती त्यावर आठ दिवस बसली. रोज सकाळी थोडं वाचायची. भाषांतराच्या फाइलीसुद्धा वाचल्या, एकाही मालवणी वाक्याला न हसता. कोचीनवाल्याने वाचलं. त्याला एक ओळ आवडली नाही, शिवाने ती बदलली. कोड बरोबर होता. चालतही होता. तरी तिचा हात बटणावर जाईना.

रविवारी सकाळी ती शिवाचा बदल घातलेला ऑफिसचा जुना फोन घेऊन काकाच्या ओट्यावर गेली. काका जाळ्याचे तुटलेले आसे, म्हणजे विणीची घरं, लावत होता. तिने फोनात एक खोटीच खूण टाकली होती, दादरच्या फुलबाजारात, जिथे मासा मिळायचा संभव नाही. फोन त्याच्या मांडीशी ठेवला.

"काका, वाच."

त्याने चष्मा शोधायचं नाटक केलं. मग वाचलं. पडद्यावर प्रश्न होता, 'ही खूण नकाशावर दाखवायची का?' खाली दोन बटणं, नाही आणि हो. नाही वर होतं, मोठं.

"आनि नाय दाबला तर?" कित्येक महिन्यांत त्याने तिला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तर जात नाही."

"कशावरून?"

"मी बघते. आणि कोचीनला एक माणूस आहे, तो बघतो. तुला ओळखत नाही, मला ओळखत नाही. चूक सापडली की खूश होतो."

"असलीच मानसं बरी," काका म्हणाला. त्याने जाड अंगठा पुढे केला आणि 'नाही' दाबलं. फोन मांडीवर धरून बसला, जणू तो आता पळेल. तिने लॅपटॉप उघडून त्याला दाखवलं: फोनमधून काय बाहेर जातं ते तिथे दिसतं, आणि तिथे काहीच नव्हतं. कोरं. त्याने डोळे बारीक करून कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघितलं.

"परत आन तो प्रश्न."

तिने आणला. त्याने पुन्हा 'नाही' दाबलं. पुन्हा कोरं.

"हो दाबून बघायचं का?" तिने विचारलं. "फुलबाजारच आहे, काका. काय जायचंय?"

"नाय," तो म्हणाला आणि फोन तिला परत दिला. जाळं ओढून घेतलं. थोड्या वेळाने, मान खालीच ठेवून म्हणाला, "जेवून जा. धर्माने बोंबील आनलेत."

सोमवारी सकाळी तिने शिवाच्या विनंतीखाली लिहिलं, 'नाही' दोनदा तपासलं, चालतं. 'हो' तपासायला अजून माणूस मिळालेला नाही. मिळाला की कळवते. तोवर तुझी विनंती उघडी राहू दे.